नाही, नको, नये : कोणत्या नकाराला कोणतं इंग्रजी?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सूचना मराठीत निघतात. निम्मे भाडेकरू मराठी वाचत नाहीत म्हणून त्यांचं इंग्रजी मी करतो. 'नये' आलं की 'शुड नॉट', 'नको' आलं की 'डोन्ट' आणि 'नाही' आलं की नुसतं 'नॉट', असा माझा हिशोब. मागच्या खेपेला एकाने टाकी धुतल्यानंतरचं पहिलंच पाणी पिण्यासाठी भरलं, आणि मी विचारलं तर म्हणाला, "तुम्ही शुड नॉट लिहिलंय, मस्ट नॉट कुठे लिहिलंय?" त्याचं बरोबर आहे का? आणि बोलतानाही 'आय डोन्ट वॉन्ट' म्हटलं की समोरचा एकदम गप्प होतो. असं का?

उत्तर :

त्या भाडेकरूने पळवाट शोधली हे खरं, पण इंग्रजीच्या दृष्टीने त्याचं बरोबर आहे. 'शुड नॉट' हा सल्ला असतो. ऐकलात तर तुमच्या भल्याचं, नाही ऐकलंत तर तुमची मर्जी. तुमच्या मराठी सूचनेत मात्र सल्ला नव्हता, मनाई होती.

गोंधळाचं मूळ शाळेत आहे. 'करावे' म्हणजे 'शुड' आणि 'करू नये' म्हणजे 'शुड नॉट' असं आपण पाठ केलं. यातलं अर्धं बरोबर आहे : 'करू नये' हा 'करावे'चा नकार आहे. पण मुळात 'करावे' हेच एका वजनाचं क्रियापद नाही. 'जेवल्यावर शतपावली करावी' हा सल्ला, 'अर्ज तीन प्रतींत सादर करावा' हा हुकूम. कचेरीतला कारकून दोन प्रती चालवून घेत नाही. रूप तेच, वजन वेगळं. आणि जे 'करावे'चं तेच 'करू नये'चं. 'रात्री उशिरा जेवू नये' असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं तेव्हा 'शुड नॉट' अगदी चपखल बसतं. तोच 'नये' विजेच्या डीपीवर 'उघडू नये' म्हणून रंगवलेला असतो तेव्हा तिथे 'शुड नॉट' लिहिणं धोक्याचं आहे. तिथे 'डू नॉट ओपन'च हवं.

मराठीत हे वजन शब्दात नसतं. पाटी कुठे लागली, कुणी लावली आणि न पाळल्यास काय होईल यावरून वाचणारा ते ओळखतो. इंग्रजीत ते शब्दातच सांगावं लागतं. म्हणून 'नये'चं इंग्रजी शोधण्याआधी हा नकार कुणाचा आहे आणि मोडला तर काय होईल, हे विचारा. हे ठरलं की इंग्रजी आपोआप सुचतं. हे न ठरवता शब्दाला शब्द लावायला गेलात की शुड नॉट.

तुमच्या टाकीच्या सूचनेसारखीच एक सूचना घेऊन बघू. साधारण अशी असते :

"शनिवारी सकाळी ९ ते दुपारी २ टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी येणार नाही. या वेळेत नळ उघडे ठेवू नयेत. काम संपल्यावर येणारे पहिले पाणी पिऊ नये. पंप कोणीही परस्पर सुरू करू नये. कामगारांना वेगळे पैसे देऊ नयेत. पाणी वाया जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी गरजेपुरतेच भरून ठेवावे. गैरसमज नसावा."

पाच 'नये', एक 'नाही'. तुमच्या हिशोबाने पाच वेळा 'शुड नॉट' येईल. माझ्या इंग्रजीत ते एकदाही येणार नाही.

पहिलं वाक्य. 'पाणी येणार नाही' ही बातमी आहे. यात कुणी कुणाला अडवत नाही. 'वॉटर विल नॉट कम' हे समजतं, पण ते मराठीच बोलतं, कारण इंग्रजीत नळाला पाणी 'येत' नाही, पुरवठा असतो किंवा नसतो. तेव्हा 'देअर विल बी नो वॉटर सप्लाय'. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : आपला नकार क्रियापदाला चिकटतो, इंग्रजीला तो नामाला चिकटवायला आवडतो. 'लिफ्ट चालू नाही', 'जागा नाही', 'सुटे पैसे नाहीत' या सगळ्यांत नाम धरून सुरुवात केलीत तर वाक्य मोकळं होतं. 'नो चेंज', 'नो सीट्स लेफ्ट'.

नळाचं वाक्य. यामागचं कारण सगळ्यांना माहीत आहे : कोरडा नळ उघडून माणूस ऑफिसला जातो, दोन वाजता पाणी येतं आणि खालच्या मजल्यावरच्या छतातून टपकायला लागतं. इथे आपल्याला नेमकी एकच कृती हवी आहे, नळ बंद असणं. अशा वेळी मी नकार काढूनच टाकतो : 'प्लीज कीप ऑल टॅप्स क्लोज्ड'. मराठीत 'नळ बंद ठेवावेत' असंही लिहिता आलं असतं. आपल्याला 'नये'ची सवय आहे इतकंच. इंग्रजी सूचनेत सलग पाच 'डू नॉट' आले की वाचणाऱ्याला दटावल्यासारखं वाटतं. जिथे हवी ती कृती सरळ सांगता येते, तिथे सरळच सांगा आणि 'डू नॉट' खऱ्या मनाईसाठी राखून ठेवा.

ती खरी मनाई पुढच्याच वाक्यात आहे. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरलेली असते, तळाचा गाळ ढवळलेला असतो. पहिलं पाणी पिऊन कुणी आजारी पडलं तर 'आम्ही सांगितलं होतं' असं कमिटीला ठामपणे म्हणता आलं पाहिजे. म्हणून इथे 'डू नॉट ड्रिंक' हाच शब्द हवा, आणि तोही वाक्याच्या सुरुवातीला. पुढे कारण जोडा आणि काय करायचं तेही सांगा : नळ थोडा वेळ वाहू द्या, पाणी स्वच्छ आलं की मग भरा. मराठीत 'पिऊ नये' एवढ्यावर भागतं, कारण पुढचं शेजारी सांगतात. मराठी न कळणाऱ्या भाडेकरूला ते कुणी सांगत नाही.

पंपाच्या वाक्यात आपल्या लोकांची एक हमखास घसरण होते. 'कोणीही सुरू करू नये' याचं 'एनीवन शुड नॉट स्टार्ट' होतं. मराठीत 'कोणीही' वाक्याच्या तोंडाशी आणि नकार शेवटी, हे आपल्याला सरळ वाटतं. इंग्रजीत 'एनीवन' कर्ता करून पुढे 'नॉट' चालत नाही. नकार उचलून कर्त्यात घालावा लागतो, 'नो वन'. 'कोणालाही माहीत नाही', 'काहीही झालं नाही', 'कुठलाही पर्याय नाही' या सगळ्यांना हाच नियम. पण 'नो वन शुड' इथेही नकोच, कारण हा अधिकाराचा प्रश्न आहे. पंप चालवायचा अधिकार कुणाला आहे? वॉचमनला. मग 'ओन्ली द वॉचमन मे स्टार्ट द पंप' लिहा. अधिकार नाकारायचा असेल तेव्हा तो कुणाकडे आहे हे सांगितलं की काम होतं. 'परस्पर' हा शब्द सुंदर आहे आणि त्याला एकशब्दी इंग्रजी नाही. 'विदाउट आस्किंग द कमिटी' म्हणा किंवा सोडून द्या. 'ओन्ली' आल्यावर तो आत आलाच.

पैशांच्या वाक्यावर मात्र पेन थांबवा आणि सेक्रेटरीला फोन करा. 'वेगळे पैसे देऊ नयेत' यातून काय सांगायचंय? सोसायटीने मजुरी दिलेली आहे, तुम्हाला द्यायची गरज नाही, असं? की मागच्या वेळी कुणी शंभर-शंभर रुपये दिले आणि आता कामगार घरोघर मागतात, तेव्हा देऊच नका, असं? मराठी वाचक दोन्ही अर्थ एकदम घेतो आणि त्याचं काही अडत नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्या अर्थाला 'यू डू नॉट हॅव टू पे', दुसऱ्याला 'प्लीज डू नॉट पे'. पहिलं वाचून कुणी खुशीने पन्नास रुपये दिले तर त्याने नियम मोडला नाही. दुसरं वाचून दिले तर मोडला. हे ठरवणं भाषांतर करणाऱ्याचं काम नाही, सूचना काढणाऱ्याचं आहे. आपलं काम विचारण्याचं.

'पाणी वाया जाऊ नये म्हणून' यात मनाईच नाही. 'नये म्हणून' आणि 'नये यासाठी' हे हेतू सांगतात. विसरू नये म्हणून हातावर लिहून ठेवतो, पाऊस आत येऊ नये म्हणून झडप लावतो. अशा ठिकाणी 'शुड नॉट' घातलं की 'वॉटर शुड नॉट गो वेस्ट देअरफोर' असं वाक्य तयार होतं, आणि ते मी छापील सूचनांत पाहिलेलं आहे. इथे 'टु अव्हॉइड वेस्टिंग वॉटर' किंवा 'सो दॅट नो वॉटर इज वेस्टेड'. बोलताना 'आय रोट इट डाउन सो आय वुडन्ट फर्गेट'. 'नये'च्या पाठोपाठ 'म्हणून' दिसलं की मनाई विसरून हेतू धरायचा.

शेवटचं 'गैरसमज नसावा' शब्दशः करू नका. 'देअर शुड नॉट बी मिसअंडरस्टँडिंग' वाचून माणूस विचार करत बसेल की भांडण कुठे झालं. इंग्रजीत त्या जागी 'वी रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स' असतं, तेच लिहा.

जाता जाता : 'नळ उघडे ठेवू नयेत' यातला 'नयेत' नीट आहे, तो टिकवा. 'फुले तोडू नये', 'वाहने उभी करू नये' अशा पाट्या आता बागेबागेत दिसतात. अर्थ बिघडत नाही, पण फुलं अनेक आहेत तर 'नयेत' लिहायला जागाही फार लागत नाही.

पाट्यांबद्दल एवढंच की तिथे 'नये'चं इंग्रजी ठरलेलं असतं आणि त्यात कल्पकता नको. 'थुंकू नये' ही 'नो स्पिटिंग', 'हात लावू नये' ही 'डू नॉट टच', 'वाहने उभी करू नयेत' ही 'नो पार्किंग'. लग्नपत्रिकेतलं 'कृपया आहेर आणू नये' म्हणजे 'नो गिफ्ट्स, प्लीज'.

एका ठिकाणी मात्र 'शुड नॉट' खणखणीत चालतं. कारणे दाखवा नोटिशीत 'आपल्याविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये' असतं, त्याचं इंग्रजी 'व्हाय अ‍ॅक्शन शुड नॉट बी टेकन अगेन्स्ट यू' असंच होतं. तिथे 'नये' प्रश्नात अडकलेला आहे आणि 'शुड' सल्ला देत नाही, औचित्य विचारतो.

आता 'नको'. हा तिघांत सगळ्यांत चकवणारा, कारण तो दोन शब्दांचा नकार एकटा सांभाळतो. 'कर'चा नकार 'करू नको' आणि 'हवं'चा नकारही 'नको'. 'जाऊ नकोस' म्हणजे 'डोन्ट गो', इथपर्यंत तुमचा हिशोब बरोबर आहे. पण 'मला चहा नको' यात कुणी कुणाला काही करू नकोस म्हणत नाही. ती नावड किंवा अनिच्छा आहे. आणि 'जायला नको' हा तिसराच प्रकार.

या तिसऱ्यावर जरा रेंगाळू, कारण ऑफिसच्या पत्रव्यवहारात चुका इथेच होतात. 'जायला हवं' म्हणजे जाणं आवश्यक आहे. त्याचा नकार 'जायला नको'. पण नकार नेमका कशाचा? आवश्यकतेचा की जाण्याचा? 'रविवारी ऑफिसला जायला नको, मजा आहे' यात आवश्यकता गेली : 'आय डोन्ट हॅव टू गो'. 'एवढ्या पावसात घाटातून जायला नको' यात जाणंच टाळायचंय : 'वी शुडन्ट गो', किंवा घरातल्या घरात 'लेट्स नॉट गो'. दोन्हीकडे शब्द तेच. मराठी माणूस सुरावरून ओळखतो. इंग्रजीत 'डोन्ट हॅव टू'च्या जागी 'मस्ट नॉट' पडलं तर सुट्टीचं रूपांतर बंदीत होतं.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. वाक्यामागे मनात 'गेलं तरी चालेल' लावून बघा. 'रविवारी ऑफिसला जायला नको, गेलं तरी चालेल.' जुळलं? मग 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीड नॉट'. 'घाटातून जायला नको, गेलं तरी चालेल.' हे जुळत नाही. मग 'शुडन्ट' किंवा 'मस्ट नॉट'. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींना ही चाचणी आवर्जून लावा. 'आता पट्टी बांधायला नको' हे बरं झाल्यामुळे आहे की जखमेला हवा लागावी म्हणून? पहिलं असेल तर बांधली तरी बिघडत नाही. दुसरं असेल तर बिघडतं. पेशंट इंग्रजी चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जाणार असेल तर हे डॉक्टरांनाच विचारून घ्या.

'नये'ला ही चाचणी लावायची फारशी गरज पडत नाही, पैशांच्या वाक्यासारखा प्रसंग विरळा. 'नये' बहुधा मनाईच्या बाजूला असतो, फक्त तिचं वजन कमी-जास्त होतं.

भूतकाळात 'नको'चा रस्ता पुन्हा सरळ होतो. 'बोलायला नको होतं' म्हणजे बोललो आणि पस्तावलो : 'आय शुडन्ट हॅव सेड दॅट'. आवश्यकता नव्हती असं सांगायचं असेल तर आपण शब्दच बदलतो, 'बोलावं लागलं नाही', 'आय डिडन्ट हॅव टू से एनिथिंग'. आणि 'सांगायलाच नको' हा पक्का वाक्प्रचार, त्याला 'नीडलेस टु से' किंवा 'ऑफ कोर्स'.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 'आय डोन्ट वॉन्ट' म्हटलं की समोरचा का गप्प होतो?

'मला नको' हे मराठीत सौम्य आहे. त्यात 'मला' म्हणजे इच्छा माझ्याकडे आलेली गोष्ट आहे, मी काही ती मुठीत धरून बसलेलो नाही. 'नको' म्हणताना आपण सहसा हात आडवा धरतो, हसतो, 'आत्ताच झाला' असं पुढे जोडतो. 'आय डोन्ट वॉन्ट' मध्ये पहिला शब्द 'मी' आणि शेवटी धाडकन नकार. देणाऱ्याचा हातच झटकल्यासारखं होतं. इंग्रजीत देऊ केलेली वस्तू नाकारताना इच्छेबद्दल बोलतच नाहीत. देणाऱ्याचे आभार मानतात. 'नो, थँक्स', 'आय अ‍ॅम फाइन, थँक यू', 'नॉट फॉर मी, थँक्स'. 'डोन्ट वॉन्ट' ठेवा ते दुकानातल्या रंगासाठी आणि वादासाठी : 'आय डोन्ट वॉन्ट टु टॉक अबाउट इट'.

आपल्याकडे एक 'नको' असा असतो की तो नकार नसतोच. पाहुण्याचा पहिला 'नको' हा शिष्टाचार, दुसरा 'नको नको' म्हणजे अर्धा कप चालेल, आणि 'कशाला उगीच त्रास' म्हणजे ठेवा गॅसवर. इंग्रजीत 'नो, थँक्स' एकदा म्हटलंत की ते धरलं जातं आणि कप परत जातो. परदेशी सहकाऱ्याकडे गेल्यावर दोनदा आग्रह होईल या भरवशावर 'नो' म्हणू नका. असा आढेवेढ्याचा 'नको' इंग्रजीत न्यायचाच असेल तर 'ओन्ली इफ यू आर मेकिंग सम' असं काहीतरी म्हणतात. त्यात हो आणि संकोच दोन्ही येतात. उलट त्यांच्याकडून आलेला पहिला 'नो' खरा माना आणि ताटात आणखी एक पोळी वाढू नका.

भेटवस्तू मिळाल्यावरचं 'अहो, हे कशाला, नको होतं' हे 'यू शुडन्ट हॅव'. इथे मात्र मराठी आणि इंग्रजी एकमेकांना अगदी भेटतात. दोन्हीकडे वाक्य तक्रारीचं आणि अर्थ आनंदाचा.

आज्ञेतल्या 'नको'त आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे 'नकोस' आणि 'नका' यांतलं अंतर. 'उठू नकोस' आणि 'अहो काका, उठू नका' यांतलं सगळं नातं इंग्रजीच्या 'डोन्ट गेट अप'मध्ये सपाट होतं. त्या 'नका'तला मान 'प्लीज'मध्ये घाला : 'प्लीज, डोन्ट गेट अप'. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना तर 'डोन्ट'च टाळा. 'काळजी करू नका' हे पत्रात 'देअर इज नो नीड टु वरी' होतं. 'तसदी घेऊ नका' याचं 'डोन्ट बॉदर' करू नका. मराठीत आपण नम्र असतो, पण इंग्रजीत 'डोन्ट बॉदर' एखाद्या वैतागलेल्या माणसाच्या तोंडचं वाटू शकतं. 'प्लीज डोन्ट गो टु एनी ट्रबल' म्हणा.

(हैदराबादकडचा भाडेकरू असेल तर 'नको'चं भाषांतर करायची गरजच नाही. दखनी बोलीत 'नक्को' आहे, तो मराठीतूनच गेलेला. फक्त त्याचा 'नक्को' आपल्यापेक्षा जास्त मोकळा असतो.)

राहिला 'नाही'. बातमीतला 'नाही' वर झाला. नकार देताना मात्र 'नाही' चार-पाच क्रियापदांबरोबर फिरतो आणि प्रत्येकाचं इंग्रजी निराळं. 'मी येत नाही' हा ठरलेला बेत, 'आय अ‍ॅम नॉट कमिंग'. 'मला यायचं नाही' ही इच्छा, 'आय डोन्ट वॉन्ट टु कम'. 'मला जमणार नाही' ही अडचण, 'आय कान्ट मेक इट' किंवा 'आय वोन्ट बी एबल टु कम'. आपण सभ्यपणे नाही म्हणायला 'जमणार नाही' वापरतो, मग खरं कारण इच्छा नसणं असलं तरी. इंग्रजीतही तीच सभ्यता 'अफ्रेड' या शब्दाने साधते : 'आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट'. भीतीचा काही संबंध नाही.

सगळ्यात सांभाळायचा तो 'येणार नाही'. साहेबांना 'मी उद्या येणार नाही' असा निरोप देणं मराठीत नेहमीचं आहे. त्याचं 'आय विल नॉट कम टुमॉरो' केलंत, आणि तेही 'नॉट' सुटं लिहून, तर वाचणाऱ्याला तुम्ही हट्टाला पेटलात असं वाटेल. इंग्रजीचा 'विल नॉट' कर्ता 'मी' असताना पटकन निश्चयाकडे झुकतो : काहीही करा, मी यायचा नाही. गैरहजेरी कळवायची असेल तर 'आय वोन्ट बी इन टुमॉरो'. 'बी इन' आल्याबरोबर ते हजेरीबद्दलचं वाक्य होतं, इच्छेबद्दलचं राहत नाही.

आणि हाच 'णार नाही' करारात आला की अर्थ पुन्हा पालटतो. भाडेकराराच्या मराठी मसुद्यात 'लायसेन्सी सदर जागा पोटभाड्याने देणार नाही' असं असतं. ही बातमी नाही, भविष्य नाही आणि लायसेन्सीचा हट्टही नाही. ते बंधन आहे. इंग्रजी करारात 'शॅल नॉट' लिहा. कायद्याच्या मराठीत सक्त मनाईसाठी 'नये' न वापरता 'णार नाही' वापरायची रीत आहे, आणि ती वरपर्यंत जाते. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १४ मराठीत 'राज्य, कोणत्याही व्यक्तीस ... नाकारणार नाही' असा आहे. इंग्रजीत तिथे 'द स्टेट शॅल नॉट डिनाय' आहे. तेव्हा तुमच्याकडे नियमावलीची पानं भाषांतराला आली तर 'णार नाही'ला डोळे मिटून 'विल नॉट' लावू नका. सूचनाफलकाच्या इंग्रजीत मात्र 'शॅल' नको. तिथे ते कोर्टाचं समन्स वाटतं. 'मस्ट नॉट' किंवा 'मे नॉट' पुरे.

एक शेवटची अडचण फोनवर येते. भाडेकरू इंग्रजीत विचारतो, "यू आर नॉट क्लोजिंग द गेट अ‍ॅट टेन, राइट?" गेट बंद होणार नाहीये. मराठीत आपण 'हो, नाही करणार' म्हणतो. 'हो' त्याच्या समजुतीला, 'नाही' गेटला. इंग्रजीत 'येस' थेट गेटलाच लागतं. तुम्ही नुसतं 'येस' म्हणालात तर त्यातून गेट दहाला बंद होणार असा अर्थ निघू शकतो. 'नो, वी आर नॉट' म्हणा. 'डू यू माइंड इफ आय पार्क हिअर' याचंही तसंच : हरकत नसेल तर 'नो, गो अहेड'. आपण 'येस, येस' म्हणून हात पुढे करतो, हाताचं ऐकून तो गाडी लावतो, आणि फोनवर हात दिसत नाही.